विश्लेषण : गुडघेबदल शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी डॉक्टरांशी काय बोलणे व्हायला हवे?

गुडघेबदल ही सहसा तातडीची शस्त्रक्रिया नसते. अपेंडिक्स फुटल्यावर किंवा हृदयविकाराच्या झटक्यात असते तशी घाई इथे नसते. निर्णय घ्यायला आठवडे, अनेकदा महिनेही हाताशी असतात. तरीही संमतीपत्र रुग्णासमोर येते ते बऱ्याचदा दाखल होण्याच्या संध्याकाळी. ते इंग्रजीत असते, खुणेच्या जागी सही करायची असते आणि ती सहीदेखील काही वेळा मुलगा किंवा सूनच करते. शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनी ‘हे आधी कुणी सांगितलेच नव्हते’ अशी तक्रार होते, तिचे मूळ अनेकदा या संध्याकाळीच असते. फायदा, पर्याय, धोके आणि बरे होण्याचा काळ या चार गोष्टी साध्या भाषेत कशा सांगितल्या जाव्यात आणि रुग्णाने कोणते प्रश्न विचारावेत, याचा हा आढावा.

कायद्याच्या दृष्टीने संमती म्हणजे काय?

भारतात याविषयीचा पायाभूत निकाल सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी दिला. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात रुग्ण महिलेने केवळ दुर्बिणीतून तपासणी करण्यास संमती दिली होती. ती भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या तिच्या आईची परवानगी घेऊन गर्भाशय आणि बीजांडकोश काढण्यात आले. न्यायालयाने ही संमती ग्राह्य धरली नाही. रुग्ण सज्ञान होती, काही तासांत शुद्धीवर येणार होती आणि जिवाला तातडीचा धोका नव्हता. अशा वेळी नातेवाइकाची परवानगी पुरेशी नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

संमती खरी ठरण्यासाठी रुग्णाला काय सांगितले पाहिजे, हेही या निकालात आहे. उपचाराचे स्वरूप, त्याचा हेतू व फायदा, दुसरे पर्याय, महत्त्वाचे धोके आणि उपचार नाकारल्यास होणारे परिणाम यांची माहिती त्याला मिळायला हवी. अगदी दूरच्या, पुस्तकी शक्यता सांगून रुग्णाला घाबरवण्याची मात्र गरज नाही, असेही न्यायालयाने म्हटले. म्हणजे चार पानी छापील यादीवरची सही ही संवादाची जागा घेऊ शकत नाही. सही ही संवाद झाल्याची नोंद असते.

शस्त्रक्रियेत नेमके काय बदलतात?

‘गुडघ्याची वाटी बदलली’ असे सर्रास म्हटले जाते. प्रत्यक्षात वाटी बहुतेक वेळा रुग्णाचीच राहते. फार तर तिच्या मागच्या बाजूला प्लास्टिकची चकती बसवतात. मांडीच्या हाडाचे खालचे टोक आणि नडगीच्या हाडाचा वरचा पृष्ठभाग यांवरची गुळगुळीत कूर्चा झिजलेली असते. तिथला काही मिलिमीटर जाडीचा थर कापून दोन्हीकडे धातूचे आवरण बसवतात, ते बहुधा हाडाच्या सिमेंटने घट्ट करतात आणि मध्ये टणक प्लास्टिकचा तुकडा ठेवतात. दाढेला कॅप बसवण्याशी याची तुलना करता येईल.

हे समजणे महत्त्वाचे आहे, कारण पुढच्या अपेक्षा त्यावरच ठरतात. सांध्याचा पृष्ठभाग नवा होतो. भोवतालचे स्नायू आणि कातडी मात्र जुनीच राहते, आणि कंबर व दुसरा गुडघाही जुनाच असतो.

फायदा कोणत्या शब्दांत सांगावा?

समजा, ६६ वर्षांच्या एक निवृत्त शिक्षिका आहेत. दोन्ही गुडघे दुखतात, उजवा जास्त. गल्लीच्या टोकापर्यंत जाईस्तोवर थांबावे लागते, रात्री कूस बदलताना कळ येते. बारा वर्षांपासून मधुमेह आहे, वजन ७८ किलो. एक्स-रेमध्ये उजव्या गुडघ्याची हाडे एकमेकांना टेकलेली दिसतात. त्यांची इच्छा दोन गोष्टींची आहे : मंडईपर्यंत चालत जाता यावे आणि देवघरासमोर मांडी घालून बसता यावे.

संवादाची सुरुवात एक्स-रेपासून न करता या इच्छेपासून झाली पाहिजे. एक्स-रे फार खराब असूनही कमी त्रास असणारे लोक असतात, आणि उलटही असते. शस्त्रक्रियेचा निर्णय दुखणे, चालणे आणि झोप यांवर ठरतो. एक्स-रे त्याला पुष्टी देतो. डॉक्टरांचे बोलणे साधारण असे असावे :

‘काकू, मंडईपर्यंत चालणे आणि रात्रीची झोप, या दोन्हींत चांगला फरक पडण्याची शक्यता मोठी आहे. शस्त्रक्रिया झालेल्या शंभरातले ८० ते ९० जण नंतर समाधानी असल्याचे सांगतात. उरलेल्या १० ते २० जणांचे समाधान होत नाही. एक्स-रेमध्ये सगळे नीट दिसूनही त्यांच्यातल्या काहींचा गुडघा दुखत राहतो. मांडी घालून बसण्याचे मात्र मी आश्वासन देत नाही. नवा गुडघा साधारण ११० ते १२० अंशांपर्यंत वाकतो. जिना आणि खुर्ची यांना तेवढे पुरते. मांडी आणि उकिडवे बसणे यांना त्याहून जास्त लागते, आणि जमले तरी ते रोज करणे आम्ही सुचवत नाही.’

हे शेवटचे वाक्य वगळले जाते तेव्हा अपेक्षाभंग होतो. शस्त्रक्रियेआधी गुडघा जितका वाकत असेल, त्यावर नंतरचे वाकणे बरेचसे अवलंबून असते. ‘हाय-फ्लेक्स’ नावाचा सांधा घेतला म्हणून ते आपोआप वाढत नाही. गावच्या घरी भारतीय पद्धतीचे शौचालय असेल तर तिथे कमोड किंवा कमोडची खुर्ची लागेल, हेही याच वेळी ठरायला हवे.

सांधा किती वर्षे टिकतो?

‘पंधरा वर्षांनी पुन्हा करावे लागते’ हे जुने वाक्य आजही ऐकू येते. ऑस्ट्रेलिया आणि फिनलंडच्या राष्ट्रीय नोंदींच्या आधारे २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार संपूर्ण गुडघेबदलातील सुमारे ८२ टक्के सांधे २५ वर्षांनंतरही बदलावे लागलेले नव्हते.

मात्र रुग्णाच्या वयाने हा हिशेब पालटतो. ‘लॅन्सेट’मध्येच २०१७ साली आलेल्या ब्रिटनमधील अभ्यासात, सत्तरीनंतर शस्त्रक्रिया झालेल्यांना आयुष्यात कधी तरी पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता सुमारे ५ टक्के होती. पन्नाशीच्या सुरुवातीला ती करून घेतलेल्या पुरुषांत हाच आकडा ३५ टक्क्यांपर्यंत गेला. पुनर्शस्त्रक्रिया ही पहिलीपेक्षा मोठी, खर्चीक असते आणि तिचे फळही कमी असते. म्हणूनच ५२ वर्षांच्या रुग्णाशी होणारा संवाद आणि ६६ वर्षांच्या या शिक्षिकेशी होणारा संवाद एकसारखा असू शकत नाही.

शस्त्रक्रिया न करता काय होऊ शकते?

संमतीच्या संवादातला सर्वात दुर्लक्षित भाग हाच आहे. डेन्मार्कमध्ये झालेली आणि २०१५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी इथे उपयोगी पडते. गुडघेबदलासाठी पात्र ठरलेल्या १०० रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी झाली. दोन्ही गटांना १२ आठवडे देखरेखीखालील व्यायाम, आहार सल्ला, पायतळ्या आणि गरजेपुरती औषधे मिळाली. एका गटाची त्याआधी शस्त्रक्रियाही झाली.

वर्षभरानंतर शून्य ते १०० या मापावर शस्त्रक्रिया झालेल्या गटाची सुधारणा सरासरी ३२.५ गुणांची होती, तर केवळ व्यायामादी उपचार घेतलेल्यांची १६ गुणांची. म्हणजे शस्त्रक्रियेचा फायदा दुप्पट. पण दुसरी बाजूही आहे. शस्त्रक्रिया न झालेल्या ५० जणांपैकी केवळ १३ जणांनी त्या वर्षात शस्त्रक्रिया करून घेतली. बाकीच्यांचे वर्ष तिच्याविना निभावले. गंभीर दुष्परिणामांच्या घटना शस्त्रक्रियेच्या गटात २४, तर दुसऱ्या गटात ६ होत्या.

यातून डॉक्टरांनी सांगायचे वाक्य असे तयार होते : ‘शस्त्रक्रियेने जास्त आराम मिळतो आणि धोकाही जास्त असतो. व्यायामाने कमी आराम मिळतो. पण अनेकांना तो पुरतो, आणि शस्त्रक्रियेचा रस्ता पुढेही खुला राहतो.’

व्यायाम म्हणजे ‘रोज थोडे चाला’ एवढेच नव्हे. मांडीच्या पुढच्या स्नायूचे बळ वाढवणारे ठरावीक व्यायाम, फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली, आठवड्यातून दोन-तीनदा आणि किमान तीन महिने, असा तो कार्यक्रम असतो. एक किलो वजन घटले की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. स्टिरॉइडच्या इंजेक्शनाने काही आठवडे आराम मिळू शकतो. मात्र त्यानंतर तीन महिन्यांच्या आत सांधा बदलल्यास जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, म्हणून आधी घेतलेल्या इंजेक्शनाची तारीख सांगणे आवश्यक आहे. दुर्बिणीतून गुडघा ‘साफ’ करणे या आजारात उपयोगी ठरलेले नाही. ‘वंगण’ म्हणून दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनांचा फायदाही मर्यादित आहे.

झीज गुडघ्याच्या एकाच बाजूला असेल तर आणखी दोन रस्ते असतात. तेवढाच भाग बदलणारी अर्धी शस्त्रक्रिया, आणि तुलनेने तरुण रुग्णांत नडगीचे हाड कापून पायाचा बाक सरळ करणे. त्यामुळे ‘माझी झीज एका बाजूला आहे की सगळीकडे?’ हा प्रश्न प्रत्येक रुग्णाने विचारावा.

आणि काहीच केले नाही तर? दुखणे हळूहळू वाढू शकते, पायाचा बाक वाढू शकतो, वेदनाशामक गोळ्या सतत घेतल्या तर मूत्रपिंड आणि जठराला त्रास होऊ शकतो. पण सहा महिने थांबल्याने बहुतेकांची संधी हुकत नाही. ‘लगेच केले नाही तर पाय कायमचा जाईल’ असे कुणी म्हणत असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे.

धोके सांगताना कोणते आकडे हवेत?

‘थोडा धोका असतोच’ या वाक्यातून रुग्णाला काहीच कळत नाही. शंभर माणसांत किती, हे सांगितले की कळते. जखमेच्या आत खोलवर, सांध्यापर्यंत जंतुसंसर्ग होण्याचे प्रमाण शंभरात एक-दोन आहे. ते लहान वाटते, पण घडले तर परिणाम मोठा असतो. पहिल्या काही आठवड्यांत लक्षात आल्यास सांधा धुऊन मधले प्लास्टिक बदलतात आणि धातूचे भाग वाचवता येऊ शकतात. उशीर झाला तर बहुधा सगळा सांधा काढून, प्रतिजैविक मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता तुकडा ठेवून, काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी नवा सांधा बसवावा लागतो.

दुसरा धोका पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा. ती फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकते. म्हणून लवकर चालवतात आणि काही आठवडे रक्त पातळ ठेवणारे औषध देतात. तिसरा धोका गुडघा आखडण्याचा; तो पुरेसा वाकला नाही तर भूल देऊन वाकवावा लागतो. पावलाची हालचाल करणारी नस दुखावणे आणि हाड मोडणे हे धोके याहून विरळ आहेत. जखमेच्या बाहेरच्या बाजूला हाताच्या पंजाएवढा बधिर भाग मात्र बहुतेकांना राहतो. गुडघ्यावर टेकून बसणे अनेकांना नकोसे होते. या दोन गोष्टींना धोका म्हणण्यापेक्षा अपेक्षित परिणाम म्हणून सांगितलेले बरे. इंग्लंड आणि वेल्समधील नोंदींनुसार शस्त्रक्रियेनंतरच्या ४५ दिवसांत मृत्यूचे प्रमाण २०११ मध्ये हजारात सुमारे दोन होते. हा आकडाही रुग्णाला विचारता आला पाहिजे.

हे सरासरीचे आकडे झाले. त्या शिक्षिकेच्या बाबतीत मधुमेहाने ते बदलतात. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी चाचणी त्यांची ८.६ आली आहे. आठच्या आसपास किंवा त्याहून जास्त आकडा असेल तर अनेक शल्यचिकित्सक आधी साखर आटोक्यात आणायला सांगतात, कारण जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. तंबाखू आणि मिश्रीचेही तेच : जखम भरायला वेळ लागतो, म्हणून किमान चार-सहा आठवडे आधी ती बंद करावी लागते. दातांत पू असेल, पायाला भेगा किंवा जखम असेल, तर त्यावर आधी उपचार होतात. मिश्री हे व्यसन म्हणून अनेकांच्या ध्यानीही येत नाही. त्यामुळे ‘तंबाखू खाता का?’ एवढा प्रश्न पुरत नाही, ‘मिश्री लावता का?’ असेही विचारावे लागते.

दोन्ही गुडघे एकदम करावेत का?

आपल्याकडे हा प्रश्न घरोघरी असतो. एकदाच भूल, एकदाच रजा, खर्चही एकूण कमी, ही एकदम करण्यामागची कारणे. पण रक्त जास्त जाते, रक्त चढवण्याची गरज वाढते, हृदय आणि फुप्फुसावरचा ताण वाढतो. पहिले काही दिवस आधाराला चांगला पाय उरत नाही. वय कमी, हृदय निरोगी आणि दोन्ही गुडघे सारखेच वाईट असतील तर हा पर्याय विचारात घेता येतो. हृदयविकार, फुप्फुसाचा आजार किंवा अनियंत्रित मधुमेह असेल तर एकेक गुडघा, मध्ये साधारण तीन महिन्यांचे अंतर ठेवून करणे अधिक सुरक्षित.

त्या शिक्षिकेसाठी डॉक्टरांचे बोलणे असे होईल : ‘उजवा जास्त दुखतो. साखर उतरायला तीन महिने लागतील. तेवढ्यात देखरेखीखाली व्यायाम करा आणि वजन चार-पाच किलो उतरते का पाहू. तीन महिन्यांनी त्रास निभावण्याजोगा झाला असेल तर थांबू. नसेल तर उजवा करू. डाव्याचा विचार त्यानंतर.’ इथे शस्त्रक्रिया नाकारलेली नाही आणि तिची घाईही केलेली नाही. शिवाय तीन महिन्यांत बळकट झालेले स्नायू शस्त्रक्रियेनंतरही कामी येतात.

घरी आल्यावरचे दिवस कसे असतात?

बहुतेक रुग्णांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर घेऊन उभे करतात. तीन-चार दिवसांत अनेक जण घरी जातात. टाके किंवा स्टेपल साधारण दोन आठवड्यांनी काढतात. वॉकर दोन-तीन आठवडे, नंतर काठी, आणि सहा आठवड्यांच्या सुमारास बरेच जण घरात आधाराविना चालतात. गाडी चालवणे साधारण सहा आठवड्यांनंतर, तेही डॉक्टरांना विचारून. सूज आणि उष्णपणा तीन ते सहा महिने राहू शकतो. सुधारणा वर्षभर चालू असते.

‘पहिले दोन ते सहा आठवडे त्रासाचे असतील, शस्त्रक्रियेआधीपेक्षाही जास्त दुखू शकते आणि झोप मोडेल’ हे आधी सांगितलेले नसेल तर रुग्णाला वाटते, काहीतरी बिघडले. या काळातच गुडघा वाकवण्याचा आणि, तितकाच महत्त्वाचा, पूर्ण सरळ करण्याचा व्यायाम करावा लागतो. आराम वाटतो म्हणून गुडघ्याखाली उशी ठेवून झोपणे टाळावे. त्याने गुडघा वाकलेल्या स्थितीतच आखडतो. घडी केलेला टॉवेल टाचेखाली ठेवावा.

पोटरी दुखून सुजणे, अचानक धाप लागणे किंवा छातीत दुखणे, जखमेतून पाणी वा पू येणे, कमी होत आलेले दुखणे पुन्हा वाढणे, थंडी वाजून ताप येणे ही धोक्याची लक्षणे आहेत. धाप आणि छातीतील दुखणे असेल तर थेट आपत्कालीन विभाग गाठावा. जखमेची शंका असेल तर जवळच्या दवाखान्यातून प्रतिजैविकाच्या गोळ्या सुरू न करता आधी शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना दाखवावे. अर्धवट औषधाने खोलवरचा संसर्ग झाकला जातो, सांध्यातील पाण्याच्या तपासणीत जंतू सापडत नाहीत आणि सांधा वाचवण्याची वेळ निघून जाते.

खर्च आणि सांध्याच्या प्रकाराबद्दल काय विचारावे?

राष्ट्रीय औषध किंमत नियामक प्राधिकरणाने ऑगस्ट २०१७ मध्ये गुडघ्याच्या सांध्यांना कमाल किंमत ठरवली. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियम प्रकाराच्या पूर्ण संचासाठी ती ५४,७२० रुपये होती, जीएसटी वेगळा. या नियंत्रणाला नंतर मुदतवाढ मिळत गेली. रुग्णालयाने देयकात सांध्याची किंमत, कंपनी आणि बॅच क्रमांक स्वतंत्रपणे दाखवणे अपेक्षित आहे. सांध्याच्या खोक्यावरील स्टिकर डिस्चार्जच्या कागदांवर चिकटवून घ्यावा. वीस वर्षांनी पुनर्शस्त्रक्रियेची वेळ आली तर कोणता सांधा आहे हे त्यावरूनच कळते. रोबोटच्या मदतीने हाड कापण्यातली अचूकता वाढते. रुग्णाला जाणवणारे दुखणे आणि चालणे यांत मात्र आतापर्यंत ठळक फरक दिसलेला नाही. त्यामुळे जादा आकारणी होत असेल तर ‘याने मला नेमका काय फरक जाणवेल?’ हे विचारणे रास्त आहे.

संवाद पुरेसा झाला हे कसे ओळखावे?

‘कळले ना?’ या प्रश्नाला बहुतेक रुग्ण मान डोलावतात. त्याऐवजी डॉक्टरांनी म्हणावे, ‘मी नीट सांगितले की नाही ते मला पाहायचे आहे. घरी गेल्यावर नातवाला काय सांगाल?’ त्या शिक्षिका जर म्हणाल्या, ‘साखर उतरेपर्यंत थांबायचे, मग उजवा गुडघा. चालणे सुधारेल, मांडीचे सांगता येत नाही. शंभरात एक-दोघांना जंतुसंसर्ग होतो. पहिला महिना कठीण. नाही केले तरी जिवाला धोका नाही,’ तर संमती खऱ्या अर्थाने झाली. ‘मुलाला माहीत आहे सगळे’ असे उत्तर आले, तर संवाद पुन्हा करावा लागेल. त्यात मुलगा जरूर असावा, पण उत्तर आईचेच हवे. संमतीपत्र आठवडाभर आधी, मराठीत आणि घरी नेऊन वाचण्यासाठी मागता येते. सही झाल्यानंतरही, भूल देईपर्यंत, नकार देण्याचा अधिकार रुग्णाकडेच राहतो.